तीन इंच की नव्वद मिलिमीटर?

तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘एक इंची पाइप द्या’ असं म्हटलं, तर दुकानदार आधी विचारतो, ‘कशासाठी?’ गरम पाण्यासाठी म्हटलं, तर तो पिवळसर सीपीव्हीसी काढतो. गच्चीवरच्या टाकीसाठी म्हटलं, तर पांढरा यूपीव्हीसी. शेतासाठी म्हटलं, तर राखाडी पीव्हीसी, आणि जुन्या लोखंडी लाइनीला जोडायचा असेल तर जीआय. चारही पाइप एक इंचीच. पण बाहेरून मोजले तर सीपीव्हीसीचा व्यास २८.६ मिलिमीटर भरतो, शेतीच्या पाइपाचा ३२, पांढऱ्या यूपीव्हीसीचा ३३.४ आणि जीआयचा ३३.७. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि तो या चौघांपैकी कुणाच्याही बाहेरच्या मापात सापडत नाही.

दुकानदाराचा तो प्रश्न म्हणूनच फार मोलाचा आहे. एकाच दुकानातून, एकाच कंपनीचा, एकाच कामाचा माल घेतला तर ही मापं आपल्याला कधी कळतही नाहीत, कारण सगळं एकमेकांत बसतं. अडचण सुरू होते ती दुरुस्तीच्या वेळी. पाइप दहा वर्षांपूर्वीचा असतो, व्हॉल्व्ह आज दुसऱ्या दुकानातून येतो, आणि दोघांवर ‘तीन इंची’ एवढंच नाव असतं.

हे नाव लोखंडी पाइपांच्या काळातून आलं आहे. एकोणिसाव्या शतकात गॅस आणि वाफेसाठी लोखंडी नळ बनत, तेव्हा अर्धा इंची पाइप म्हणजे आतलं भोक साधारण अर्ध्या इंचाचं आणि भोवती जाड भिंत. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं आट्यांना एकसारखं माप देण्याची पद्धत मांडली, आणि पुढे पाइपांचे आटेही त्याच वळणानं ठरत गेले. आटे पाइपाच्या बाहेरच्या अंगावर पाडले जातात. त्यामुळे पुढे लोखंड सुधारलं, भिंत पातळ करणं शक्य झालं, तेव्हा बाहेरचा व्यास बदलता येईना. तो बदलला असता तर आधीची सगळी फिटिंग्ज वाया गेली असती. म्हणून बाहेरचा व्यास कायम राहिला आणि भोक मोठं होत गेलं. आजचा अर्धा इंची मध्यम जीआय पाइप बाहेरून २१.३ मिलिमीटर आणि आतून जेमतेम १६ मिलिमीटर असतो. त्यात अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, कुठेच नाही. उरलं ते फक्त नाव.

प्लास्टिकचे पाइप आले तेव्हा दोन घराणी वेगळी झाली. अमेरिकी पद्धतीच्या पाइपांनी लोखंडी पाइपाचा बाहेरचा व्यास जसाच्या तसा उचलला. आपल्याकडे घराच्या नळकामात वापरला जाणारा, अंगावर ‘एएसटीएम डी १७८५’ आणि ‘शेड्यूल ४०’ किंवा ‘शेड्यूल ८०’ छापलेला पांढरा पाइप याच घराण्यातला. दुसऱ्या घराण्यानं सरळ मिलिमीटरमध्ये नवी मालिका आखली: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३, ७५, ९०, ११०. हे आकडे खरेखुरे आहेत आणि ते बाहेरच्या व्यासाचे आहेत. शेतातला पीव्हीसी पाइप (‘आयएस ४९८५’) आणि काळा एचडीपीई पाइप (‘आयएस ४९८४’) या घराण्यात येतात. सरकारनं १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला, पण बोलण्यातला इंच काही गेला नाही. ६३ मिलिमीटरला आपण दोन इंची म्हणतो, ७५ ला अडीच इंची, ९० ला तीन इंची आणि ११० ला चार इंची. सीपीव्हीसी हे तिसरंच घराणं. त्यानं माप घेतलं ते तांब्याच्या नळीकडून, म्हणून त्याचा एक इंच सगळ्यांत बारीक.

आता इंची आणि मिलिमीटर ही दोन मोठी घराणी शेजारी ठेवली, की एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मते निम्मे घोटाळे तिथेच होतात. अर्ध्या इंचापासून सव्वा इंचापर्यंत इंची पाइप जाडा असतो. एक इंचात ३३.४ विरुद्ध ३२. दीड इंचापासून उलट होतं आणि मिलिमीटरचा पाइप जाडा निघतो. दोन इंचात ६०.३ विरुद्ध ६३. चार इंचाला पुन्हा पारडं फिरतं, ११४.३ विरुद्ध ११०. म्हणजे ‘शेतीचा पाइप नेहमी मोठा असतो’ किंवा ‘नेहमी लहान असतो’ असा कुठलाही ठोकताळा चालत नाही. एखाद्या कारागिरानं दोन इंचाच्या कामावरून मनाशी नियम बांधला, तर चार इंचाच्या कामात तोच नियम त्याला फसवतो.

यातलं सर्वांत धोक्याचं माप तीन इंचाचं. दोन इंचात २.७ मिलिमीटरचा फरक आहे, ६०.३ चा पाइप ६३ च्या सॉकेटमध्ये घातला की तो हातातच खुळखुळतो आणि चूक लगेच कळते. चार इंचात ११४.३ चा पाइप ११० च्या सॉकेटमध्ये शिरतच नाही. पण तीन इंचात ८८.९ आणि ९० यांच्यात फरक फक्त १.१ मिलिमीटरचा, म्हणजे चारी बाजूंनी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पाइप सॉकेटमध्ये सहज जातो, ‘जरा सैल आहे, सोल्युशन जास्त लावू’ असं कुणीतरी म्हणतं, आणि जोड तयार होतो. पहिल्या दिवशी तो गळतही नाही.

तो का टिकत नाही, हे समजायला सोल्युशन काय करतं ते पाहावं लागतं. आपण त्याला पाइपाचा डिंक समजतो, पण ते दोन पृष्ठभागांच्या मध्ये थर बनून चिकटवत नाही. ते पीव्हीसीचा वरचा पापुद्रा विरघळवतं. पाइपाचा विरघळलेला पापुद्रा आणि सॉकेटचा विरघळलेला पापुद्रा एकमेकांवर दाबले गेले की एकजीव होतात, द्रव उडून जातो, आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. यात ‘दाबले गेले’ हे सर्वांत महत्त्वाचं. म्हणूनच चांगलं सॉकेट तोंडाशी किंचित मोठं आणि आत जाताना किंचित अरुंद असतं. सोल्युशन न लावता कोरडा पाइप सॉकेटमध्ये घातला, तर तो साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन घट्ट व्हायला हवा. सोल्युशननं पृष्ठभाग मऊ झाल्यावर उरलेलं अंतर तो जोर लावून पार करतो आणि तिथेच खरा जोड होतो. कोरडा पाइप विनासायास तळापर्यंत गेला, तर पृष्ठभाग दाबले जाणारच नाहीत. मधली फट सोल्युशननं भरते, द्रव उडाला की तो थर आकसतो, आणि मागे एक पातळ, ठिसूळ कवच उरतं.

बाजारात मोठ्या पाइपांसाठी जाड सोल्युशनही मिळतं आणि ते थोडी फट भरतं हे खरं आहे. पण ती सोय एकाच मापाच्या पाइपात कारखान्यात येणाऱ्या बारीकसारीक फरकासाठी आहे. दोन घराण्यांतलं अंतर त्यानं भरायला जाऊ नये.

अशा जोडावर जोर किती येतो, तेही पाहू. ९० मिलिमीटर पाइपाचं तोंड सुमारे ६४ चौरस सेंटिमीटरचं. लाइनीत ४ किलोचा दाब असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो, तर वळणावर किंवा बंद टोकाला पाइप बाहेर ढकलणारा जोर जवळजवळ २५० किलोंचा होतो. पंप सुरू होताना आणि व्हॉल्व्ह झटक्यात बंद करताना तो आणखी वाढतो. पातळ कवच हे रोज सोसतं, आणि एका पहाटे पाइप सॉकेटमधून सटकून बाहेर येतो. कारण ओळखायचं असेल तर निसटलेलं टोक पाहावं. नीट झालेला जोड कधी तुटलाच तर पीव्हीसी खरवडलेलं, फाटलेलं दिसतं. मापात गफलत असेल तर टोकावर सोल्युशनचा गुळगुळीत, चकाकणारा पापुद्रा असतो आणि नखानं तो सुटतो.

एक उदाहरण घेऊ. निफाडकडच्या एका द्राक्षबागेत विहिरीपासून शेततळ्यापर्यंत ९० मिलिमीटरची जुनी लाइन आहे, असं समजा. जेसीबीच्या दात्यानं ती एका जागी फुटली. मालकानं ठरवलं की फुटलेला तुकडा काढतोच आहोत, तर तिथे एक बॉल व्हॉल्व्ह बसवून घेऊ. जवळच्या दुकानात शेतीचा माल नव्हता. तिथून तीन इंची व्हॉल्व्ह आणि तीन इंची पाइपाचा एक तुकडा आला, दोन्ही नळकामाच्या पांढऱ्या मालातले. छान, जाडजूड माल. दर्जात काहीही खोट नाही.

पहिलं काम मोजणी. व्हर्नियर असेल तर उत्तम, पण जुना पाइप मातीच्या भारानं थोडा लंबगोल झालेला असतो, आणि मग व्हर्नियर एकीकडून ८९ दाखवतो, दुसरीकडून ९१. अशा वेळी कागदाची पट्टी जास्त खरं सांगते, कारण पाइप थोडा चेपला तरी त्याचा घेर फारसा बदलत नाही. पाइप स्वच्छ पुसावा, कापलेल्या कडेचा बुरा काढावा, वहीच्या कागदाची सरळ पट्टी पाइपाभोवती घट्ट गुंडाळावी, जिथे टोक एकावर एक येतं तिथे बारीक पेन्सिलीनं खूण करावी आणि पट्टी सपाट ठेवून मोजावी. मिळालेल्या आकड्याला ३.१४ नं भागलं की बाहेरचा व्यास. आपल्या उदाहरणात जुन्या पाइपावर पट्टी २८३ मिलिमीटर भरेल आणि नव्या तुकड्यावर २७९. व्यासातला १.१ मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण पट्टीवर तो साडेतीन मिलिमीटरचा होतो आणि शाळेच्या फूटपट्टीवरही स्पष्ट दिसतो. दोन इंचात तर ६३ चा घेर १९८ आणि ६०.३ चा १८९.५ येतो, तिथे शंकेला जागाच राहत नाही.

फरक कळला, की बहुतेक ठिकाणी तीनपैकी एक गोष्ट केली जाते. पांढरा तुकडा ९० च्या कपलरमध्ये सोल्युशनच्या भरवशावर बसवतात. त्याचं काय होतं ते वर आलंच. दुसरी युक्ती म्हणजे ९० चा पाइप कानशीनं घासून ८८.९ च्या व्हॉल्व्हमध्ये घालणं. चार किलोच्या ९० मिलिमीटर पाइपाची भिंत साधारण २ मिलिमीटरचीच असते. चारी बाजूंनी अर्धा मिलिमीटर घासला तर पाव भिंत गेली, तीही नेमकी जिथे ताण येतो तिथे. कड तिरकी करण्यासाठी टोकाला थोडी कानस मारणं योग्यच आहे, ते करायलाच हवं. पण व्यास कमी करण्यासाठी घासू नये. तिसरी युक्ती आगीची. पाइपाचं तोंड जाळावर मऊ करून दुसऱ्यावर चढवतात. शेतात ती सर्रास चालते आणि कमी दाबाच्या पाटपाण्याच्या लाइनीत निभावूनही जाते, पण ताणलेली भिंत पातळ होते, एका बाजूला जास्त तापली की करपते, आणि आकार कारखान्यातल्या सॉकेटसारखा येत नाही. पंपाच्या दाबाच्या लाइनीत मी ती कुणाला सुचवणार नाही.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे व्हॉल्व्ह परत करून ९० मिलिमीटर सॉकेटचा व्हॉल्व्ह आणणं. दुकान दहा किलोमीटरवर असलं तरी हाच मार्ग स्वस्त पडतो. पण तो शक्य नसेल, किंवा शेताची लाइन घराच्या पांढऱ्या पाइपाला जोडायची असेल आणि दोन घराण्यांची गाठ कुठेतरी पडणारच असेल, तर ती गाठ पाइपावर घालू नये, आट्यांवर घालावी.

कारण पाइपांची घराणी वेगळी असली तरी भारतातल्या नळकामाचे आटे एकच आहेत: ब्रिटिश पाइप आटे, ज्यांना दुकानात बीएसपी म्हणतात. मिलिमीटर वापरणाऱ्या जर्मनीतही पाण्याच्या पाइपांचे आटे इंचातच सांगितले जातात. त्यामुळे एका टोकाला ९० मिलिमीटरचं सॉकेट आणि दुसऱ्या टोकाला तीन इंची बाहेरचे आटे असलेला एमटीए शेतीच्या मालात मिळतो, आणि एका टोकाला इंची सॉकेट, दुसऱ्या टोकाला तीन इंची आतले आटे असलेला एफटीए नळकामाच्या मालात मिळतो. प्रत्येक अडॅप्टर आपापल्या घराण्याच्या पाइपाला सोल्युशननं जोडायचा आणि दोघांची भेट आट्यांत घडवायची. सोल्युशनच्या प्रत्येक जोडात पाइप आणि सॉकेट एकाच घराण्याचे राहतात. काळ्या एचडीपीई पाइपाला सोल्युशन लागतच नाही, तिथे कॉम्प्रेशन फिटिंग वापरतात, पण आट्यांवर तोही याच पद्धतीनं भेटतो.

काम कोणत्या क्रमानं करायचं, हेही महत्त्वाचं. जमिनीत पुरलेला पाइप फिरवता येत नाही, म्हणून आटे आधी आवळावेत आणि सोल्युशन नंतर लावावं. आपल्या उदाहरणात व्हॉल्व्हच्या दोन्ही सॉकेटांत पांढऱ्या पाइपाचे वीतभर तुकडे, तुकड्यांवर एफटीए, मग टेफ्लॉन टेप गुंडाळून त्यांत एमटीए, एवढी जुळणी पट्टीवर बसून सावकाश करावी. ती सुकल्यावर खड्ड्यात उतरवून एमटीएची ९० ची सॉकेटं जुन्या पाइपाला जोडावीत. दोन्ही टोकं पक्की पुरलेली असतील तर शेवटचा जोड आत सरकवायला जागा मिळत नाही. त्यासाठी खड्डा दोन्ही बाजूंना चांगला लांब उघडावा म्हणजे पाइप थोडा वाकतो, किंवा एका बाजूला युनियन घालावं. शक्य तर चोवीस तास पंप सुरू करू नये, आणि जोड उघडा ठेवूनच पहिलं पाणी सोडावं.

तीन इंच आणि त्यापुढच्या मापांना आट्यांऐवजी फ्लँज घेणारेही बरेच आहेत, आणि पुढे व्हॉल्व्ह काढायचा असेल तर तो निर्णय चांगला. पण फ्लँजच्या भोकांचंही आपलं असं घराणं असतं. तीन इंची ब्रिटिश ‘टेबल ई’ फ्लँजमध्ये चार भोकांचं वर्तुळ १४६ मिलिमीटरचं असतं आणि अमेरिकी फ्लँजमध्ये १५२.४ चं. भोकं दोन्हींत चारच, त्यामुळे लांबून सारखीच दिसतात, पण बोल्ट जात नाहीत. दोन्ही फ्लँज दुकानातच एकमेकांवर ठेवून पाहाव्यात.

आट्यांवर गाठ घालताना एक पथ्य आहे. लोखंडी किंवा पितळी बाहेरचे आटे प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत आवळू नयेत. पाइपाचे बाहेरचे आटे निमुळते असतात. जसजसे आत जातात तसतसं प्लास्टिक बाहेर रेटलं जातं, आणि आज नाही तर महिन्याभरानं एफटीएला उभी चीर जाते. प्लास्टिकचे बाहेरचे आटे धातूच्या आतल्या आट्यांत आवळले तर हा धोका राहत नाही. उलटच करणं भाग असेल तर आत पितळी आटे बसवलेला एफटीए घ्यावा. थोडे पैसे जास्त जातात, पण तिथे ते वाचवू नयेत.

परदेशी यंत्र असेल तर आटेही तपासावेत. अमेरिकी एनपीटी आटे बीएसपीसारखेच दिसतात. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोघांचे इंचाला चौदाच आटे असतात, त्यामुळे एकमेकांत सहज फिरतात, पण एकाच्या खाचेचा कोन ५५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ६० अंशांचा. कितीही टेप गुंडाळली तरी झिरपत राहतं. एक इंचात बीएसपीचे अकरा आणि एनपीटीचे साडेअकरा आटे, म्हणून दोन-तीन फेऱ्यांत ते अडकतात. तिथे पाना मोठा घेण्यापेक्षा थांबणं बरं.

घरातल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या बारीक नळ्यांत मात्र इंच खरा आहे. पाव इंची नळी बाहेरून ६.३५ मिलिमीटरच असते. हवेच्या यंत्रांसाठी मिळणारी ६ मिलिमीटरची नळी तिच्या जागी दाबून बसते, पण आतल्या रबरी कडीला पुरता दाब मिळत नाही आणि ओट्याखाली पाणी साचतं.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात जाताना ‘तीन इंची’ एवढंच सांगू नका. कागदाची पट्टी खिशात घेऊन जा आणि सांगा: बाहेरून ९० मिलिमीटर, शेतीचा, चार किलोचा. नवं फिटिंग घेतलं की पैसे देण्याआधी तिथेच जुन्या पाइपाचा वीतभर तुकडा त्यात कोरडाच घालून पाहा. तो अर्ध्यावर अडला तर माल बरोबर आहे, तळाला टेकला किंवा तोंडातच शिरला नाही तर काउंटरवरच परत द्या.